मेसचे ताट आणि खोलीतला कुकर

पुण्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याचे महिन्याचे गणित तीन गोष्टींवर बसते: फी, खोली आणि जेवण. फी कॉलेज किंवा क्लास ठरवतो, खोलीचे भाडे घरमालक ठरवतो. विद्यार्थ्याच्या हातात राहते ते फक्त जेवण. त्यामुळे बीड, लातूर, परभणी, यवतमाळकडून आलेला मुलगा सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर उतरला, की पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो: मेस लावायची, की हाताने करून खायचे?

हा प्रश्न शहराला नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गरीब विद्यार्थी इथे माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. पुढे खानावळी आल्या, त्यांच्या मेस झाल्या. आज शास्त्री रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत स्पर्धा परीक्षांच्या मुलांवर चालणाऱ्या मेस पावलापावलावर दिसतात. कॉलेजच्या किंवा सरकारी वसतिगृहातल्या मुलाला मात्र फारशी निवड नसते. तिथे मेसचे पैसे बहुधा फीबरोबरच भरावे लागतात आणि खोलीत शेगडी पेटवायला बंदी असते. जेवणाचा खरा निर्णय करावा लागतो तो बाहेर खोली घेऊन राहणाऱ्याला, म्हणून इथला हिशोब मुख्यतः त्याचाच आहे.

मेसचा बाहेरून दिसणारा दर सरळ असतो. पेठांमध्ये दोन वेळच्या साध्या शाकाहारी मेसला २०२५च्या सुमारास महिना साधारण ३,००० ते ३,५०० रुपये पडत. हिशोबासाठी ३,२०० धरले, तर ते ३० दिवसांच्या ६० जेवणांचे नसतात. बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. रविवारी दुपारी गोडाधोडाचे किंवा पनीरचे जेवण दिले की आठवड्याची सुट्टी. म्हणजे महिन्याला ५६ जेवणे, एक जेवण ५७ रुपयांना. हा दर एकट्या माणसाला हॉटेलात कुठेही मिळणार नाही, हे मान्य करायला हवे.

पण हे ५७ रुपये सगळे ताटात येत नाहीत. मेसवाल्याला जागेचे भाडे, पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा आणि भांडीवालीचा पगार, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, वीज आणि स्वतःचा घरखर्च त्यातूनच काढायचा असतो. किराणा आणि भाजीला त्यातले निम्मे उरले तरी पुष्कळ. मेसची आमटी पातळ का असते, याचे उत्तर या हिशोबात आहे. तूरडाळ महागली, की मेसचा दर लगेच वाढवता येत नाही. आमटीतले पाणी मात्र लगेच वाढवता येते. भाजीचेही तसेच. मेथी निवडायला माणूस लागतो आणि शिजल्यावर ती मूठभर होते. बटाटा सोलला, चिरला की पातेले भरते. म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा बटाटा, कोबी किंवा वांगे-बटाटा आलटून पालटून येतात. यात लबाडी असतेच असे नाही. त्या दरात तेच बसते.

दराच्या पोटात दुसरी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे खाडा. न जेवलेल्या दिवसाचे पैसे कापून मिळणे म्हणजे खाडा. पुष्कळ मेसमध्ये सलग तीन किंवा चार दिवस गैरहजर असाल आणि आधी सांगितले असेल, तरच खाडा धरतात. एखाद्या दुपारी लायब्ररीतून उठावेसे वाटले नाही, एखाद्या रात्री मित्राच्या खोलीवर वडापाव झाला, तर ते जेवण बुडाले. ५६ पैकी १२ जेवणे अशी बुडाली, तर खाल्लेले प्रत्येक जेवण ५७ नव्हे, ७३ रुपयांना पडते. त्यामुळे मेस लावताना महिन्याच्या दराइतकेच महत्त्वाचे आहे ते खाड्याचा नियम आणि कार्डाची मुदत विचारणे. दर थोडा जास्त पण खाडा रोजचा, अशी मेस अनियमित विद्यार्थ्याला स्वस्त पडते.

आता एकट्याने खोलीवर करून खाण्याचा खर्च. इथे लोक बहुधा चुकतात, कारण ते फक्त डाळ-तांदळाचे पैसे मोजतात. एका धडधाकट तरुणाला महिन्याला साधारण ६ किलो कणीक किंवा ज्वारीचे पीठ, ३ किलो तांदूळ आणि किलोभर पोहे-रवा लागतो. पुण्यातल्या सर्वसाधारण भावाने याचे ५०० रुपयांच्या थोडे वर होतात. अडीच किलो डाळी आणि कडधान्ये ३०० रुपये. कांदा, टोमॅटो, बटाट्यासह १० किलो भाजी ४५० रुपये. रोज ३०० मिलिलिटर दूध धरले तर महिन्याचे ५४० रुपये, आणि एकट्या माणसाच्या यादीत हाच सर्वात मोठा आकडा असतो. एक लिटर तेल १५०, किलोभर शेंगदाणे १५०, रोज एक केळे १५०, वीसेक अंडी १४०, आणि चहा, साखर, मीठ, मसाला मिळून २५०. सगळी बेरीज सुमारे २,६४० रुपये.

त्यात इंधन येते. बहुतेक खोल्यांवर मालक गॅस ठेवू देत नाहीत, म्हणून इंडक्शन शेगडी हाच मार्ग उरतो. एकट्याचा स्वयंपाक, चहा आणि दूध मिळून रोज सव्वा युनिटच्या आसपास वीज जाते, आणि घरमालक सबमीटरवर युनिटला १० रुपयांच्या आसपास लावत असेल, तर महिन्याचे ३६० रुपये होतात. शिवाय नासाडी. एकट्याला कोथिंबिरीची जुडी संपत नाही, अर्धा कोबी फ्रीजशिवाय तिसऱ्या दिवशी काळा पडतो, उन्हाळ्यात दूध फाटते. त्याचे २०० रुपये धरले, तर महिन्याचा खर्च ३,२०० होतो. म्हणजे नेमका मेसइतकाच!

मात्र ही तुलना अजून पुरी झालेली नाही. ३,२०० रुपयांच्या मेसमध्ये सकाळचा नाश्ता नाही, रविवारची रात्र नाही, दूध नाही, फळ नाही. मेसवाला विद्यार्थी सकाळी टपरीवर पोहे आणि चहा घेतो, त्याचे रोज ३५ रुपये म्हणजे महिन्याला १,०५० होतात. चार रविवारच्या रात्री बाहेर जेवतो, त्याचे ३६० होतात. म्हणजे दूध-फळांना हात न लावताच त्याचा खरा खर्च ४,६१० रुपये होतो. करून खाणाऱ्याच्या ३,२०० रुपयांत मात्र नाश्ता, दूध, केळे आणि अंडी येऊन गेलेली असतात. फरक १,४१० रुपयांचा झाला.

हा फरक मोठा वाटतो, पण त्यातून भांड्यांचे पैसे वजा करावे लागतात. इंडक्शन शेगडी, तीन लिटरचा कुकर, कढई, तवा, पोळपाट-लाटणे, विळी किंवा सुरी, डबे आणि दोन-चार ताटवाट्या मिळून साधारण ५,००० रुपये जातात. विद्यार्थी वर्षातले १० महिने पुण्यात राहतो असे धरले, तर पहिल्या वर्षी महिन्याला ५०० रुपये त्याचे. उरले ९१० रुपये. यासाठी त्याला बाजार, निवडणे, चिरणे, लाटणे, शिजवणे आणि भांडी घासणे मिळून रोज दोन तास द्यावे लागतात. मेसला जाणे, रांगेत थांबणे, जेवून परतणे यालाही ४० मिनिटे जातातच. ती वजा केली तर महिन्याला ४० तास जास्तीचे जातात. ९१० रुपये वाचवण्यासाठी ४० तास, म्हणजे तासाला २३ रुपये. परीक्षेची तयारी करणाऱ्याला हा सौदा परवडणारा नाही.

तेच काम तिघांनी मिळून केले, की चित्र पालटते. एका माणसाची आमटी आणि तिघांची आमटी करायला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच असतो. कोबी एका दिवसात संपतो, पाच किलोची कणीक महिनाभर पडून तिला अळ्या होत नाहीत, मोंढ्यावरून किंवा मंडईतून एकदम आणले तर भावही उतरतो. तिघांमध्ये खाण्याचे माणशी सुमारे २,५५० रुपये, विजेचे २०० आणि ७,५०० रुपयांच्या थोड्या मोठ्या भांड्यांचे पहिल्या वर्षी महिन्याला २५० असे ३,००० रुपये पडतात. मेसवाल्या विद्यार्थ्याच्या तुलनेत माणशी १,६०० रुपये वाचतात, आणि रोजचे अडीच तास तिघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास मिनिटे येतात. म्हणजे मेसला जाऊन येण्याइतकाच वेळ. करून खाणे स्वस्त आहे की नाही, याचे उत्तर डाळ-तांदळाच्या भावात कमी आणि खोलीत माणसे किती यात जास्त आहे. अर्थात, तिघांची चूल मोडते ती बहुधा पैशावरून नाही, भांड्यांवरून. ज्याने स्वयंपाक केला त्याने भांडी घासायची नाहीत आणि बाजारहाटाची वही एकानेच ठेवायची, एवढे दोन नियम पहिल्या दिवशी ठरले तर गाडी पुष्कळ दिवस चालते.

आरोग्याच्या बाजूने पाहताना सुरुवात मापापासून करावी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे दिली. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तिने सुचवलेल्या ताटात धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दाणे-बिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. ही सगळी वजने कच्च्या मालाची आहेत, शिजवलेल्याची नाहीत.

आता मेसचे एक ताट या मापाशी ताडून पाहता येते. चार पोळ्या, एक मूद भात, वाटीभर आमटी, वाटीभर उसळ, थोडी भाजी, लोणचे आणि कधीमधी पापड. चार पोळ्यांत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कणीक, भातात ६० ग्रॅम तांदूळ. दोन वेळचे मिळून धान्यच साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे मेसमध्ये विद्यार्थी उपाशी राहत नाही, आणि प्रथिनांच्या बाबतीतही मेसची बदनामी जरा जास्तच झाली आहे. चार पोळ्यांतून १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, भातातून चारेक, पातळ आमटीतून तीन आणि उसळीतून पाच. एका ताटातून २५ ग्रॅम प्रथिने मिळाली, तर दोन वेळची ५०. आणि ६० किलो वजनाच्या तरुणाची दिवसाची शिफारसही किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशोबाने ५० ग्रॅमच होते. पण हे तेव्हाच, जेव्हा उसळ दोन्ही वेळा असते आणि विद्यार्थी ती ताटात ठेवून उठत नाही. शिवाय यातली निम्म्याहून अधिक प्रथिने धान्याची असतात, आणि धान्याच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो. ती उणीव डाळ, दूध किंवा अंडे भरून काढते. आमटीत पाणी वाढले, की आधी हीच बाजू लंगडी होते.

मेसची खरी उणीव भाजी, फळे आणि दूध यांत आहे. वाटीत पडणारी भाजी ऐंशी-शंभर ग्रॅमच्या वर क्वचितच जाते आणि त्यातला बटाटा पालेभाजीची जागा घेत नाही. ४०० ग्रॅमच्या जागी शंभर-दीडशे ग्रॅमवर दिवस निघतो. दुसऱ्या आठवड्यात पोट साफ न होण्याची तक्रार सुरू होते ती यामुळे. खापर मात्र बहुतेकदा पुण्याच्या पाण्यावर फुटते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक बाब येते, ती लोहाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, तर स्त्रीला २९. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. पोळी-बटाटा-भात या ताटातून २९ मिलिग्रॅम लोह निघत नाही. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, मटकी, हरभरा, अळीव, पालेभाजी हे आपल्याकडचे लोहाचे साधे मार्ग. वनस्पतीतले लोह शरीरात नीट शोषले जायला त्याच जेवणात आंबट काही लागते. लिंबाची एक फोड पुरते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला, तर चहातली टॅनिन्स ते लोह अडवतात. मेसमधून उठून थेट टपरीवर जाण्याची पद्धत या बाबतीत तोट्याची आहे. चहा तास-दीड तासाने घेतला तर बरे.

मेसच्या तेलाबद्दल सगळेच बोलतात, पण पारख कशी करायची हे क्वचित सांगितले जाते. भाजीवर तर्री दिसली म्हणजे तेल वाईट असे नाही. तेल जास्त आहे एवढेच त्यातून कळते. वाईट असते ते पुन्हा पुन्हा तापवलेले तळणाचे तेल. ते काळपट व घट्ट होते, तापताना फेसाळते, लवकर धूर सोडते आणि त्याला खवट वास येतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८पासून तळणाच्या तेलातल्या बिघडलेल्या घटकांना, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्सना, २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ती मोजायला यंत्र लागते, पण रविवारच्या पुऱ्या किंवा भजी खाल्ल्यावर घसा खवखवला आणि जिभेवर चिकट थर राहिला, तर तेल जुने आहे असा अंदाज बांधता येतो. तसेच सोड्याचे. उसळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घातला, की कडधान्याची साले सुटून लगदा होतो आणि किंचित साबणासारखी चव लागते. सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

पोट बिघडण्याचे कारण मात्र तेल किंवा सोडा नसते, बहुधा वेळ असते. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तासन्‌तास राहिले, की त्यात जिवाणू वाढतात. मेसमधले मोठे पातेले खालून लवकर थंड होत नाही; दुपारी दीडला उतरवलेली उसळ रात्री आठपर्यंत कोमट राहते आणि तीच पुन्हा फोडणी घालून वाढली जाते. पण हा दोष एकट्या मेसचा नाही. खोलीवर करून खाणारा सकाळी दोन वेळचा भात लावतो आणि फ्रीज नसल्याने झाकून ठेवतो. भातात बॅसिलस सिरीयस या जिवाणूचे बीजाणू शिजूनही टिकतात, कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवल्याने जात नाही. म्हणून रात्रीच्या फोडणीच्या भाताला वास नसला, तो चवीला खमंग असला, तरी खाल्ल्यावर तास-दोन तासांत उलट्या होऊ शकतात. फ्रीज नसेल तर भात आणि डाळ लागेल तेवढीच लावणे आणि दोन तासांत संपवणे, याला पर्याय नाही.

पाण्याचा धोकाही दोघांना सारखाच. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. तेव्हा मेसमधला पाण्याचा फिल्टर चालू आहे का आणि खोलीवर पाणी टँकरचे येते की नळाचे, हे दोन्ही विचारायला हवे. खोलीवर पाणी उकळून घेणे फार खर्चाचे नाही.

मेस पारखायची असेल, तर दुपारी बाराला जाऊ नये. तेव्हा सगळीच मेस चांगली असते. अडीचच्या सुमारास, शेवटच्या पंगतीला जावे. तेव्हा आमटीच्या पातेल्यात तळाशी डाळ आहे की नुसते पिवळे पाणी, पोळ्या ताज्या लाटल्या जातात की सकाळच्या चळतीतून येतात, भांडी वाहत्या पाण्याखाली घासतात की एकाच घमेल्यात बुडवून काढतात, हे दिसते. भिंतीवर अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आहे का, तेही पाहावे. महिन्याचे पैसे भरण्याआधी तीन-चार दिवस एकेका जेवणाचे पैसे देऊन जेवावे. थोडे जास्त जातात, पण आगाऊ दिलेले ३,२०० अडकण्यापेक्षा ते बरे.

करून खाणाऱ्याच्या आरोग्याची अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. त्याच्या स्वयंपाकात डाळ घट्ट असते, तेल स्वतःच्या हातात असते, मीठही. पण महिनाभर रोज स्वयंपाक होतोच असे नाही. पहिले पंधरा दिवस पोळ्या गोल करण्याची हौस टिकते; मग रात्री दहाला खोलीवर आल्यावर नूडल्सचे पाकीट उकळले जाते. ७० ग्रॅमच्या एका पाकिटात तीनशेच्या आसपास कॅलरी, पाच-सहा ग्रॅम प्रथिने आणि सुमारे दोन-अडीच ग्रॅम मीठ असते. म्हणजे दिवसाच्या मिठाचा जवळजवळ निम्मा वाटा एका पाकिटात गेला आणि भाजी शून्य. आठवड्यातून चार रात्री असे जेवण होत असेल, तर मेसची पातळ आमटीसुद्धा त्याहून चांगली.

यातून सुटायचे तर पोळीचा नाद सोडावा लागतो. एकट्या माणसाच्या स्वयंपाकातला निम्मा वेळ पोळ्या खातात. पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणणेही परवडत नाही; दहा रुपयांची एक धरली तर रोजच्या सहा पोळ्यांचे महिन्याला १,८०० होतात. त्याऐवजी रात्रीचे जेवण एका कुकरात बसवता येते. ६० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मूगडाळ धुऊन घ्यावी, दोन चमचे तेलात जिरे, हिंग, हळद आणि मूठभर शेंगदाणे परतावेत, चिरलेला पालक किंवा मेथी शंभर ग्रॅम घालावी, डाळ-तांदूळ टाकून साडेतीनपट पाणी आणि मीठ घालून तीन शिट्ट्या कराव्यात. वाफ जिरेपर्यंत ताट, वाटी, लिंबू तयार होते. शंभर ग्रॅम दह्याबरोबर हे जेवण सुमारे २० ग्रॅम प्रथिने देते, विजेसह ३२ रुपयांच्या आसपास पडते, आणि घासायला एक कुकर आणि एक ताट राहते.

इंडक्शनबाबत एक-दोन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. तिच्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटला तर ते चालेल, नाही तर नाही. घरून भांडी आणण्याआधी ही परीक्षा करून घ्यावी. खोलीतला लहान सॉकेट बहुधा ६ अँपिअरचा असतो आणि तो साधारण १,३८० वॉटपर्यंतचाच भार पेलतो, तर शेगडी २,००० वॉटपर्यंत जाते. अशा सॉकेटवर ती १,२०० वॉटच्या आतच चालवावी. प्लग गरम लागला किंवा जळका वास आला, तर लगेच बंद करावी. साध्या एक्स्टेंशन बोर्डावर तर ती लावूच नये. गॅसच हवा असेल, तर तेल कंपन्यांचा ५ किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो. घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून देणाऱ्या दुकानातली लहान टाकी स्वस्त पडते, पण ती बेकायदा आहे आणि बंद खोलीत धोक्याची.

या दोन टोकांमध्ये एक तिसरी वाट आहे आणि एकट्या विद्यार्थ्याला तीच सर्वात सोयीची पडते: दुपारची एक वेळची मेस आणि सकाळ-संध्याकाळ खोलीवर. एका वेळच्या मेसला दोन वेळच्या निम्म्याहून थोडे जास्त, साधारण १,८०० रुपये घेतात. पोळ्या तिथे मिळतात, आणि दुपारचे ताजे जेवण रात्रीच्या उरलेल्यापेक्षा नेहमीच चांगले. खोलीवर सकाळी पोहे किंवा दूध-केळे आणि रात्री कुकरातली खिचडी, वरण-भात, उसळ-भात किंवा अंडी. याचा किराणा, दूध, भाजी मिळून सुमारे १,९४० रुपये, विजेचे १८०, आणि फक्त शेगडी-कुकर-कढई घेतली तर त्यांचे पहिल्या वर्षी महिन्याला ३५०. एकूण ४,२७० रुपये. पूर्ण मेसच्या ४,६१०पेक्षा हे ३४० रुपयांनीच कमी आहे, त्यामुळे पैशासाठी ही वाट धरावी असे नाही. पण त्याच पैशात रोजचे दूध, फळ, शेंगदाणे, आठवड्याला पाच अंडी आणि दुप्पट भाजी पोटात जाते, आणि रोजच्या खर्चातली तीन-चारशेची बचत वर राहते.

ज्यांना वसतिगृहात शेगडी लावताच येत नाही, त्यांनाही मेसच्या ताटाला न शिजवता जोड देता येते. रात्री भिजवलेले मूठभर हरभरे-शेंगदाणे, एक केळे, पाव लिटर दूध आणि ताटाबरोबर एक काकडी किंवा टोमॅटो यांना रोज तीसेक रुपये लागतात. ज्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळालेली नाही, त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यातले ३२,००० भोजनभत्त्याचे आहेत. दहा महिन्यांवर वाटले तर ते महिन्याला ३,२०० होतात. वरच्या हिशोबात तेवढ्यात एक तर नाश्त्याविना मेस बसते, नाही तर तिघांच्या सामायिक चुलीवरचे पूर्ण जेवण. भत्ता हप्त्याने आणि बहुधा उशिरा येतो, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या किराण्याची तजवीज घरून करून आलेली बरी.

थोडक्यात निर्णय असा करावा: तिघे-चौघे एकत्र राहत असाल आणि खोलीला ओटा असेल, तर करूनच खा. एकटे असाल, तर दुपारची मेस लावा आणि रात्रीचा कुकर स्वतः लावा. परीक्षेला दोन महिने उरले असतील, तर दोन्ही वेळची मेस लावा; फक्त दूध, फळ आणि लिंबू विसरू नका.